आईच्या स्टिकरचा पॅक: कडा का फाटतात आणि भावाच्या फोनवर का पोचत नाही

प्रश्न: पुढच्या महिन्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिच्या फोटोंचे व्हॉट्सॲप स्टिकर करून घरच्या ग्रुपवर द्यायचे आहेत. प्ले स्टोअरवरचं एक ॲप घेऊन बावीस स्टिकर केले. माझ्या फोनवर पॅक दिसतो, पण भावाच्या आयफोनवर येतच नाही. मी ते ॲप काढून टाकलं तर माझ्याकडूनही गेला. शिवाय आईचे केस कातरल्यासारखे दिसतात आणि खाली लिहिलेलं कोणाला वाचता येत नाही. ग्रुपमध्ये ३६ माणसं आहेत, काही अमेरिकेत. काय चुकतंय?

उत्तर:

ताई, तुमच्या हातून फारसं चुकलेलं नाही. तुम्ही तीन वेगळ्या अडचणी एकाच ॲपच्या माथी मारताय, म्हणून उत्तर सापडत नाहीये. पॅक न पोचणं ही एक भानगड, केस कातरले जाणं ही दुसरी आणि अक्षरं न वाचता येणं ही तिसरी. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. माझा कराडला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम हा मूळ धंदा, पण गेली चार-पाच वर्षं साठी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन असं काही असलं की अल्बमसोबत स्टिकरही मागतात. आमच्या थोरल्या आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी घरचाच पॅक केला होता. तुमचं कार्यही तेच आहे, म्हणून तोच दाखला शेवटपर्यंत धरून सांगतो.

आधी पॅक कुठे गेला ते. अँड्रॉइडवर बाहेरच्या ॲपने केलेला पॅक व्हॉट्सॲपच्या आत साठवला जात नाही. तो त्या ॲपच्या पोटातच राहतो, व्हॉट्सॲप फक्त तिथून वाचून दाखवतं. भाड्याच्या खोलीत सामान ठेवल्यासारखं आहे ते. खोली सोडली की सामान गेलं. तुम्ही ॲप काढलंत, पॅक गेला. याउलट एखादा स्टिकर कोणी पाठवला आणि तुम्ही त्यावर बोट ठेवून तो आवडत्यांमध्ये, म्हणजे फेव्हरिट्समध्ये घेतलात, तर त्याची प्रत व्हॉट्सॲपकडे येते. मग ते ॲप असो नसो. तेव्हा घाबरू नका. तुम्ही जे स्टिकर कोणाला ना कोणाला पाठवले असतील, ते त्या चॅटमध्ये अजून असतील. एकेकावर बोट ठेवून परत घेता येतील.

भावाचं कारण यालाच जोडून आहे. अशी ॲप पॅक 'शेअर' करतात म्हणजे बहुतेक वेळा एक लिंक पाठवतात. ती उघडली की समोरच्यालाही तेच ॲप घ्यायला सांगते, मग जाहिराती, मग 'ॲड टू व्हॉट्सॲप'. तुमच्या ॲपची आयफोनवरची आवृत्तीच नसेल तर भाऊ तिथेच अडकला. ती असली तरी अमेरिकेतल्या सत्तरीच्या काकांनी आईच्या एका फोटोसाठी नवीन ॲप घेऊन सहा जाहिराती बघाव्यात, हे होत नाही. मी चार-पाच कुटुंबांत पाहिलंय. लिंक टाकली की सगळे टाळ्यांचा इमोजी टाकतात आणि पॅक घेणारे निघतात सात-आठ.

म्हणून मी आता कामाची सुरुवात उलटीकडून करतो. कोणाकडे कसा पोचवायचा हे आधी ठरवतो आणि त्यावरून किती स्टिकर करायचे ते. व्हॉट्सॲपच्या पॅकमध्ये कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर बसतात. तीस बसतात म्हणून लोक तीस करतात. आत्याच्या वेळी मीही पहिल्या यादीत अठ्ठावीस लिहिले होते. शेवटी दिले अकरा. त्यातले रोज वापरात आहेत पाच.

हे पाच कुठले हे आधी कळायला एक सोपा उपाय आहे. ग्रुप उघडा आणि गेल्या महिन्याभरात लोकांनी एकमेकांना काय काय लिहिलं ते वर सरकवत वाचा. आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य होतं 'पोचलो'. त्याखालोखाल 'हो', 'जेवण झालं का', कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि कोणी काही अचाट सांगितलं की 'अगं बाई'. आत्या खरोखरच कोणी गाडीत बसलं की 'सावकाश जा, पोचल्यावर फोन कर' म्हणते. मग 'सावकाश' आणि 'पोचल्यावर फोन' हे दोन स्टिकर ठरले. गुढी, आकाशकंदील, तिळगूळ असे सणाचे स्टिकर मी मुद्दाम गाळले. ते वर्षातून एकदा वापरायचे, आणि त्या दिवशी इतके फुकटचे येऊन पडतात की घरचा कोणाला आठवत नाही.

आता फोटो निवडणं. इथे बहुतेकांची चूक होते, कारण फोटो चांगला आहे म्हणून निवडला जातो. स्टिकर चॅटमध्ये दिसतो जेमतेम दोन-तीन बोटं रुंद, आणि निवडताना पेटीत तर अंगठ्याच्या नखाएवढा. कार्यातला पैठणी नेसलेला, मागे फुलांची आरास असलेला पूर्ण उंचीचा फोटो अल्बमला सुंदर असतो. स्टिकरमध्ये त्यात आईचं तोंड हरभऱ्याएवढं होतं. मला छातीपासून वरचा फोटो लागतो, शक्यतो एक हात वर आलेला. हात काहीतरी करत असला की शब्दाशिवायही अर्थ कळतो. आत्याचा सगळ्यात चाललेला स्टिकर असा आहे: चष्मा नाकावर घसरलेला, एक बोट उगारलेलं. हा फोटो भाच्याने स्वयंपाकघरात तिला चिडवताना काढला होता. स्टुडिओत बसवून काढलेल्या चाळीस फोटोंतला एकही त्याच्या जवळ गेला नाही. माझाच धंदा असून सांगतो.

परीक्षा साधी आहे. फोनच्या गॅलरीत फोटो सगळ्यात बारीक चौकोनात दिसेल इतका लहान करा आणि हातभर अंतरावर धरा. चेहऱ्यावरचा भाव ओळखता आला तर घ्या, नाहीतर सोडा.

मूळ फोटो मागवताना एक काळजी घ्या. तुमचा भाऊ तुम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवणार. तो वाटेत दाबून लहान होतो. त्याला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव. हीच गोष्ट पुढे कापलेल्या फोटोच्या बाबतीत तर फारच महत्त्वाची आहे. मागचं काढलेली पीएनजी फाइल फोटो म्हणून पाठवली की तिचा पारदर्शक भाग जातो आणि जागी पांढरा किंवा काळा चौकोन येतो. 'काल तर बॅकग्राउंड गेलं होतं, आज परत आलं' ही तक्रार घेऊन माझ्याकडे महिन्यातून एक तरी माणूस येतो.

आता केसांचं. फोन किंवा ॲप माणूस आपोआप कापतं तेव्हा त्याला कड नीट ओळखायला रंगाचा आणि उजेडाचा फरक लागतो. पांढरे केस आणि मागे क्रीम रंगाची भिंत असली तर कड कुठे आहे हे त्याला समजत नाही. मग ते अंदाजाने कापतं आणि केस कातरल्यासारखे होतात, किंवा भिंतीचा तुकडा केसांबरोबर येतो. आपल्या घरांत हे फार होतं, कारण भिंती पांढऱ्या, ट्यूबलाइट पांढरी आणि आईचे केसही पांढरे. खांद्यावरचा पदर, चष्म्याची बारीक काडी आणि नाकातली नथ ही आणखी तीन हमखास उडणारी ठिकाणं. आमच्या मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, शेतातला एक फोटो होता. डोक्यावर पांढरी टोपी, मागे ढगाळ आभाळ. फोनने टोपीच उडवली. चेहरा राहिला, पण घरात कोणी ओळखेना. टोपीशिवाय मामांना कोणी पाहिलेलंच नव्हतं.

यावर पहिला उपाय कापण्याचा नाहीच, फोटोचा आहे. आई आहेत, फोटो परत काढता येतो. तोच भाव, तीच खुर्ची, फक्त मागे गडद रंगाची चादर किंवा हिरवा-निळा दरवाजा येऊ द्या. चादर आईपासून तीन-चार फूट मागे असू द्या, म्हणजे तिचा रंग केसांवर परावर्तित होत नाही. उजेड खिडकीतून समोरून किंवा थोडा बाजूने यावा. आत्याला मी घराच्या मागच्या दारात, निळ्या दरवाज्यासमोर बसवलं आणि फोनने आपोआप केलेली कापणी जवळजवळ तशीच वापरली. साध्या फोटोला जिथे पाऊण तास लागायचा तिथे पाच मिनिटं लागली.

जुना फोटोच वापरायचा असेल तर हाताने कड आखण्याला पर्याय नाही. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा: केस न् केस सोडवत बसू नका. दोन बोटं रुंद चित्रात सुटे केस म्हणजे मळ दिसतो. डोक्याचा घेर एका गुळगुळीत रेषेत आखा, कानाशी आणि पदराशी तेवढं नीट थांबा. जुन्या मागच्या भागाचा रंग कडेला धाग्यासारखा उरतो, तो घालवायला आखलेली कड एक-दोन पिक्सेल आत ढकला. मग बाहेरून पांढरी किनार द्या.

ही पांढरी किनार शोभेसाठी नाही. व्हॉट्सॲपच्या स्टिकर बनवणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्येच ८ पिक्सेलची पांढरी किनार सुचवली आहे, आणि त्याचं कारण तुमच्या मुलांचे फोन बघितले की कळतं. बऱ्याच लोकांच्या फोनवर डार्क मोड असतो. काळे केस, काळा कोट, गडद जांभळी साडी हे सगळं काळ्या चॅटमध्ये विरघळतं आणि नुसता चेहरा हवेत तरंगतो. किनार असली की कुठल्याही पाठीवर आकार सुटा उठून दिसतो. म्हणून तयार स्टिकर एकदा उजेडी आणि एकदा डार्क, दोन्ही चॅटवर बघितल्याशिवाय मी पुढे देत नाही. तुमच्या ॲपमध्ये याला 'आउटलाइन' किंवा 'स्ट्रोक' म्हटलेलं असेल.

मापाबद्दल थोडंसं, कारण पॅक 'ॲड होत नाही' असं नुसतं लिहून येतं आणि कारण समजत नाही. स्टिकरचा चौकोन ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, फाइल वेबपी प्रकारची आणि स्थिर स्टिकर असेल तर १०० केबीच्या आत. चौकोनाच्या कडेपासून चित्र सगळीकडून १६ पिक्सेल आत ठेवावं, म्हणजे चित्राला मिळाले ४८०. पॅकच्या तोंडाशी जे छोटं चित्र दिसतं ते ९६ बाय ९६. हलणारे स्टिकर करायचे असतील तर त्यांचा पॅक वेगळा करावा लागतो, स्थिर आणि हलणारे एका पॅकमध्ये चालत नाहीत. ॲप नाकारत असेल तर आधी हे बघा: तीनपेक्षा कमी आहेत का, एखादा हलणारा मिसळलाय का, एखादी फाइल जड आहे का. फोनवरच्या ॲपमध्ये माप आपोआप होतं. घरात कोणी संगणकवालं असेल आणि कापलेल्या, किनार दिलेल्या पीएनजी फाइल हाताशी असतील, तर `ImageMagick` आणि `cwebp` ही दोन फुकट साधनं घेऊन एवढ्यात काम होतं:

```
magick aai.png -resize 480x480 -background none -gravity center -extent 512x512 aai-512.png
cwebp -q 80 aai-512.png -o aai.webp
```

पहिली ओळ चित्र ४८० मध्ये बसवून भोवती पारदर्शक जागा सोडते, दुसरी वेबपी करते. अशी फाइल साधारणपणे १०० केबीच्या बरीच आत राहते. राहिली नाही तर ८० च्या जागी ६५ करून बघा, डोळ्याला फरक दिसत नाही.

जुन्या कागदी फोटोंबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सहस्रचंद्रदर्शन म्हटलं की आईचा लग्नातला फोटो निघणारच. त्याचा थोडा हिशेब करू. समजा सहा बाय चार इंचाच्या ग्रुप फोटोत आईचा चेहरा एक सेंटिमीटर उंच आहे. स्टिकरमध्ये चेहरा नीट दिसायला तो अडीचशे पिक्सेलच्या आसपास हवा. झेरॉक्सच्या दुकानात ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून स्कॅन केला तर त्या एका सेंटिमीटरचे होतात ११८ पिक्सेल. तो दुप्पट ताणला की धुरकट. ६०० वर स्कॅन केला तर २३६, म्हणजे काम होतं. १२०० वर मागू नका, फाइल मोठी होते, पण कागदावरच तेवढा बारकावा नसतो. त्यामुळे वाढतो फक्त कागदाचा दाणा.

स्कॅनर नसला तरी अडत नाही. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद असतो. सहा इंच, म्हणजे साधारण पंधरा सेंटिमीटरचा फोटो चौकटीत पूर्ण भरला तर सेंटिमीटरला अडीचशेच्या वर पिक्सेल मिळतात. स्कॅनइतकंच झालं. फक्त फ्लॅश बंद, फोटो काचेतून किंवा प्लास्टिकच्या खिशातून बाहेर काढलेला, आणि उजेड खिडकीचा, बाजूने आलेला. जुने फोटो अल्बमच्या कागदाला चिकटलेले असतील तर ओढून काढू नका. वरचा थर तिथेच राहतो. तसाच काढा, चकाकी येत असेल तर फोन न हलवता अल्बमच थोडा फिरवा.

काळ्या-पांढऱ्या फोटोला रंग भरायचा मोह आवरा. आत्याच्या लग्नातला फोटो मी तसाच ठेवला. बाकी दहा रंगीत स्टिकरमध्ये तो एकच करडा असल्याने पेटीत पटकन सापडतो.

आता अक्षरं. तुमची अक्षरं वाचता येत नाहीत याचं कारण बहुधा असं आहे की तुम्ही आधी चित्र चौकोनभर बसवलंत आणि उरलेल्या फटीत वाक्य लिहिलंत. मी उलट करतो. शब्दाला चौकोनाचा खालचा चौथा हिस्सा आधी राखून ठेवतो आणि चित्र उरलेल्या जागेत बसवतो. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते, कारण वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. अक्षराचा मधला भागच सत्तर-ऐंशी पिक्सेल उंच धरला तर ५१२ च्या चौकोनात एका ओळीत सहा-सात अक्षरं बसतात. म्हणजे एक शब्द, फार तर दोन. 'सुखरूप पोचल्यावर मला फोन करायला विसरू नकोस' हे आई म्हणत असतील, स्टिकरला 'फोन कर' पुरे.

टंक जाड घ्या, पण मात्रा मोकळी राहील असा. मुक्त हा गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा टंक मी बहुतेक वेळा वापरतो. तो तिथे `Mukta` नावाने सापडेल. गमतीच्या शब्दाला `Baloo 2` बरा दिसतो. अक्षराला किनार देताना एक खोड कळून घ्या: किनार जाड झाली की अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला जाऊन चिकटतो. 'आलं का' चं 'आल का' झालं की घरचे आठवडाभर तेच म्हणत बसतात. किनार अक्षराच्या जाडीच्या निम्मीच ठेवा आणि ठिपका सुटा दिसतोय का ते लहान करून बघा. संगणकावर लिहिताना पहिली वेलांटी भलत्याच जागी जात असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल, तर त्या प्रोग्रॅमशी भांडत बसू नका. तेवढा शब्द फोनवर लिहा, तिथे जोडाक्षरं नीट उमटतात.

वाटण्याकडे परत येतो. माझा सल्ला असा, की बाहेरचं ॲप सोडून व्हॉट्सॲपच्या आतच स्टिकर करा. चॅट उघडून इमोजीच्या चिन्हावर, मग स्टिकरच्या चिन्हावर गेलात की नवीन करण्याचा पर्याय दिसतो. फोटो निवडला की माणूस आपोआप कापला जातो, शब्द लिहिता येतो. आयफोनवर ही सोय २०२४ मध्ये आली आणि त्यासाठी आयओएस १७ किंवा त्यापुढचं लागतं. अँड्रॉइडवर ती त्यानंतर आली. असं केलेला स्टिकर समोरच्याला घ्यायला कुठलंही ॲप लागत नाही. फोन कुठलाही असो, आलेल्या स्टिकरवर बोट ठेवायचं आणि आवडत्यांमध्ये घ्यायचं. हाताने आखून किनार दिलेली पीएनजी तुमच्याकडे असेल तर तीच तिथे निवडा.

अख्खा पॅक एकदम चॅटमध्ये पाठवण्याची सोय व्हॉट्सॲपने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केली. तुमच्या फोनवर पॅकजवळ पाठवण्याचा पर्याय दिसत असेल तर आधी भावाला आणि एखाद्या जुन्या अँड्रॉइडवाल्याला पाठवून बघा. दोघांकडे नीट उतरला तरच बाकीच्यांना. आमच्याकडे तीन फोन इतके जुने होते की त्यांच्यावर हे काही दिसत नव्हतं, म्हणून मी जुनीच पद्धत वापरली आणि आजही वापरतो. 'आत्याचे स्टिकर' नावाचा वेगळा ग्रुप केला, सगळ्यांना त्यात घेतलं आणि फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करून ठेवलं. मग स्टिकर एकापाठोपाठ एक टाकले आणि खाली एक ओळ: 'प्रत्येकावर बोट ठेवा, आवडत्यांमध्ये घ्या.' मुख्य ग्रुपवर टाकले असते तर पाच मिनिटांत शुभेच्छांच्या खाली गाडले गेले असते. इथे ते तसेच्या तसे पडून राहतात. न्यू जर्सीच्या चुलत बहिणीने दोन महिन्यांनी फोन बदलला तेव्हा ती तिथूनच परत घेऊन गेली. बावीस स्टिकरना ही पद्धत जिवावर येते. अकरांना नाही. कमी करा म्हणतोय ते त्यासाठीसुद्धा.

तुमच्याकडे सगळे टेलिग्रामवर असतील तर गोष्ट सोपी आहे, पण वेगळी. तिथे `@Stickers` या बॉटला, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या खात्याला, `/newpack` लिहून पॅक करता येतो, प्रत्येक स्टिकरला एक इमोजी जोडायचा आणि शेवटी एक लिंक मिळते. नंतर तुम्ही नवीन स्टिकर घातलात तर ज्यांनी पॅक घेतलाय त्या सगळ्यांकडे तो आपोआप दिसतो. पण ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला पॅक घेता येतो, घरचा असो वा परका. हे आईंना आणि तुम्हाला चालणार असेल तरच.

इथेच ती गोष्ट, जी लोक शेवटी विचारतात आणि खरं तर आधी विचारायला हवी. स्टिकर एकदा गेला की परत येत नाही. तुम्ही सगळ्यांसाठी डिलीट केलात तरी चॅटमधला निरोप जातो, ज्याने आवडत्यांमध्ये घेतलाय त्याच्याकडची प्रत राहते. आणि फोटोपेक्षा स्टिकर जास्त फिरतो, कारण तो कोणाचा हे न कळताही मजेशीर वाटतो. स्टिकरवर बोट ठेवलं की पॅकचं नाव आणि करणाऱ्याचं नाव दिसतं, कारण ते फाइलच्या आतच लिहिलेलं असतं. ॲपमध्ये 'पब्लिशर' विचारतात तिथे लोक सहज स्वतःचं पूर्ण नाव, कोणी कोणी तर मोबाइल नंबरही टाकतात. 'घरचे' एवढं लिहा. काही ॲप केलेला पॅक आपल्या सार्वजनिक यादीत टाकतात, त्यामुळे 'प्रायव्हेट' असा खटका दिसला तर तो आधी बघा. नातवंडांचे अंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कितीही गोड असले तरी मी स्टिकरला घेत नाही. गिऱ्हाईकाने आग्रह केला तरी नाही.

आईंना आधी दाखवा. मी आत्याला अकरा नाही, पंधरा दाखवले होते. तिने चार उडवले. एकात कवळी नव्हती, एकात पदर सरकलेला होता, आणि दोन 'मी अशी कधी दिसते?' म्हणून. बोट उगारलेला मात्र तिने स्वतःहून ठेवायला लावला. त्याशिवाय एक मी तिला न विचारताच घातला होता, मामांचा, टोपीवाला, टोपी हाताने परत आखून. मामा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हात जोडलेले, चेहरा प्रसन्न, मला वाटलं छानच आहे. आठवड्याने कोणीतरी क्रिकेटच्या मॅचवरच्या थट्टेत 'हरलो' म्हणून तो टाकला. टाकणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. आत्या दोन दिवस ग्रुपवर बोलली नाही. मी स्टिकरच्या ग्रुपमधून तो काढला, ज्यांनी घेतला होता त्यांना एकेकाला फोन करून काढायला लावला. तुमचे वडील असतील तर देव त्यांना उदंड आयुष्य देवो. नसतील तर त्यांचा फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर घाला. स्टिकरला नको.

तुमच्या बावीसमधले कुठले ठेवायचे ते इथे बसून सांगणं कठीण आहे. केस कातरलेल्यांपैकी दोन-तीन मूळ फोटो मला पाठवलेत तर परत काढायचे की हाताने कापून भागेल ते बघून सांगतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा मात्र.